रंगलेल्या गप्पांत शिरताना

प्रश्न : "नोकरी बदलून काही महिने झाले. सुट्टीत चार-पाच जण उभे राहून बोलत असतात. मी जातो तेव्हा विषय रंगात आलेला असतो. गप्प उभा राहिलो तर चोरून ऐकतोय असं वाटतं. बोललो तर सगळे एकदम थांबून माझ्याकडे बघतात. एकट्या माणसाशी मी छान बोलतो. घोळक्यात मात्र कायम परका. काय करू?"

उत्तर : माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा अनुभव तुम्हाला सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या आसपासच्या या बाई बदली होऊन नव्या शाखेत आल्या होत्या. तिथली माणसं कित्येक वर्षं एकत्र काम करणारी. बाई कामात चोख आणि बोलायला मोकळ्या होत्या, पण सुट्टी झाली की त्या जागेवरच बसून राहू लागल्या. "मी गेले की गप्पा बंद पडतात," हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

अशा वेळी "तुम्हाला तसं वाटतंय" असं म्हणून मी विषय संपवत नाही. गप्पा खरोखरच बंद पडत असतील, तर त्या नेमक्या कोणत्या क्षणी पडतात हे बघावं लागतं. म्हणून मी त्यांना आदल्या दिवशीचा प्रसंग कागदावर काढायला सांगितला : कोण कुठे उभं होतं, कोणाचं तोंड कुठे होतं, त्या स्वतः कुठे होत्या. त्यांनी पाच जणांचं कडं काढलं आणि स्वतःला त्या कड्याबाहेर दोन-तीन पावलांवर दाखवलं. हातात फोन. "मध्ये पडायला नको म्हणून जरा लांब थांबते," त्या म्हणाल्या.

अडचण त्या दोन-तीन पावलांतच होती. माणसं समोरासमोर कशी उभी राहतात याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अ‍ॅडम केंडन यांनी दाखवलं आहे की बोलणारी माणसं आपल्यामध्ये एक मोकळी जागा धरतात. ती जागा त्या सगळ्यांची सामाईक असते. तिच्या कडेने माणसं उभी असतात, आणि त्यांच्या पाठीमागचा भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. पाठीमागच्या भागात थांबलेल्या माणसासाठी कोणी सरकत नाही, कारण तो गप्पांना आला आहे की कोणाची वाट बघतो आहे हे कळायला मार्ग नसतो. हातात फोन असेल तर तो वाट बघतो आहे असंच धरलं जातं. बाई ज्याला अदब समजत होत्या, त्याचा अर्थ समोरच्यांना लागतच नव्हता. "चोरून ऐकतोय" ही तुमची भावनाही त्याच जागेतून येत असावी.

म्हणून आम्ही आधी शब्दांना हात लावला नाही, उभं राहण्याची जागा बदलली. कड्यात जिथे दोन खांद्यांमध्ये थोडी फट असेल तिथे खांद्याला खांदा येईल इतकं जवळ जायचं. फोन खाली. आणि नजर बोलणाऱ्याकडे ठेवायची. आपल्याला कोण ओळख देतंय हे शोधत चेहऱ्यांवरून नजर फिरवली, की ऐकणाऱ्यांचं लक्ष विषयावरून तुमच्याकडे वळतं आणि गप्पांची लय तुटते.

पहिल्या प्रयत्नात बाई नेमक्या बोलणाऱ्याच्याच शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला मान पूर्ण वळवून त्यांच्याकडे बघावं लागलं, तो थांबला, आणि बाई तिथून निघाल्या. पुढच्या वेळी त्यांनी ऐकणाऱ्याच्या शेजारची जागा घेतली. असा माणूस शोधणं अवघड नसतं. ज्याचं एक पाऊल कड्याबाहेर वळलेलं आहे, जो मधूनमधून इकडेतिकडे बघतो, त्याच्या बाजूला कडं आधीच थोडं सैल असतं. बाई त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि तो नकळत अर्धं पाऊल मागे सरकला. मला हव्या असलेल्या स्वागताची खूण हीच होती. "या ना" असं तोंडाने क्वचितच कोणी म्हणतं, पण शरीरं सरकतात. त्यामुळे आत घेतलं की नाही हे चेहऱ्यांवरून ओळखण्याऐवजी पायांवरून ओळखायची सवय लावून घ्या.

मग बोलण्याचा भाग. बाई सगळे गप्प होण्याची वाट बघत असत. रंगलेल्या गप्पांत तशी शांतता येत नाही. वेगवेगळ्या 10 भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास आढळलं. एवढ्या वेळात बाहेरचा माणूस वाक्य जुळवून बोलूच शकत नाही. शिवाय बोलणारा बोलणं संपवताना बहुधा कोणाकडे तरी बघतो, आणि पुढची पाळी त्या माणसाची ठरून जाते. नव्याने आलेल्याला खरी जागा मिळते ती किस्सा संपल्यावर. हसू ओसरत असतं, दोघं-तिघं एकदम काहीतरी म्हणत असतात. तिथे प्रत्येकाने छोटी दाद देणं अपेक्षितच असतं, त्यामुळे तुमची दाद खुपत नाही.

आणि दाद म्हणजे काय बोलायचं? बाईंची दोन ठरलेली वाक्यं होती. एक, "काय चाललंय?" दुसरं, "अहो, माझ्या बाबतीतही अगदी असंच झालं होतं." दोन्ही प्रेमाने बोललेली, आणि दोन्ही गप्पा थांबवणारी. पहिल्या वाक्याने सगळ्यांना मागे जाऊन गोष्ट पुन्हा सांगावी लागते. दुसऱ्याने चालू गोष्ट अर्धी राहते आणि सगळ्यांना नव्या माणसाकडे वळावं लागतं. 1981 साली मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी शाळकरी मुलं दुसऱ्यांच्या खेळात कशी शिरतात हे पाहिलं होतं. ज्या मुलांना इतर मुलं फारशी पसंत करत नसत, ती शिरताना स्वतःबद्दल सांगत, माहिती विचारत, हरकत घेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता वाढत असे. मुलांचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी कामाच्या जागी, समारंभात, मी हीच वाक्यं लोकांच्या तोंडून ऐकते.

बाईंच्या सहकाऱ्यांचं त्या दिवशी कोणाच्या तरी घर बदलण्यावर चाललं होतं. सामान नेणारे ठरल्या दिवशी आलेच नव्हते. बाईंनी स्वतःच्या बदलीतली फजिती सांगायचा मोह आवरला आणि फक्त विचारलं, "मग रात्री झोपलात कुठे?" सांगणाऱ्याने त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं आणि किस्सा पुढे नेला. असा प्रश्न गोष्टीला मागे ओढत नाही. तो तिला पुढे ढकलतो, आणि बोलण्याची पाळी ज्याची आहे त्याच्याकडेच राहते. तो विचारायला सुरुवातीचा भाग ऐकलेला असण्याचीही गरज नसते, शेवटची दोन-तीन वाक्यं नीट ऐकलेली पुरतात. त्यानंतर काही वेळ त्यांनी मुद्दाम दुसरं काही म्हटलं नाही. स्वतःची फजिती त्यांनी सांगितली, पण दोघांचं बोलून झाल्यावर, कोणीतरी "तुमच्या वेळी कसं झालं?" असं विचारलं तेव्हा.

नीट ऐकणं हीच त्यांना सगळ्यात जड गेलेली गोष्ट. डोक्यात सतत वाक्याची तालीम चाले : हे बोलू का, असं म्हणू का, विचित्र दिसतेय का. तालीम पुरी होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे, आणि मग ते वाक्य खरंच विसंगत वाटे. सामाजिक भीतीबद्दल डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 साली मांडलेल्या विवेचनात याला मध्यवर्ती स्थान आहे. लक्ष स्वतःकडे वळलं की समोर काय चाललंय हे टिपलंच जात नाही, आणि माणूस आपल्या अस्वस्थतेवरूनच ठरवतो की आपण इतरांना कसे दिसतो. मी बाईंना एकच काम दिलं. गप्पांतून परत आल्यावर, इतर काय बोलले त्यातल्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या. आपण कशा वागलो याबद्दल एक अक्षरही नाही. सुरुवातीला त्यांना एकच गोष्ट आठवे. ती यादी जसजशी भरू लागली तसतसे प्रश्न आपोआप सुचू लागले.

जुन्या संदर्भांचं काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. "त्या वेळचा तो साहेब" म्हणून सगळे हसतात आणि आपल्याला काहीच माहीत नसतं. तिथे खोटं हसू नका, सगळ्यांना थांबवूनही विचारू नका. शेजारच्याला हळूच विचारा, "हे कोण?" बहुतेक माणसं आनंदाने सांगतात. कित्येकदा तिथूनच दोघांचं वेगळं बोलणं सुरू होतं, आणि एकट्या माणसाशी बोलणं तुम्हाला जमतंच. यात वावगं काही नाही. एकाच संभाषणात साधारण चारपेक्षा जास्त माणसं टिकत नाहीत, असं रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरीक्षणातून दिसलं आहे. पाच-सहा जणांचं कडं अधूनमधून फुटतं आणि पुन्हा जुळतं. सगळ्या घोळक्यात शिरायलाच हवं असं नाही, त्यातल्या अर्ध्यात शिरलात तरी तुम्ही आत आहात.

एकदा मात्र कडं उघडलं नाही. बाई जाऊन उभ्या राहिल्या, आवाज खाली आले, कोणी सरकलं नाही, मिनिटभर कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या फार दुखावल्या. दोन दिवसांनी कळलं की एका सहकाऱ्याच्या घरच्या आजारपणाबद्दल बोलणं चाललं होतं. प्रत्येक वेळी कारण असं कळतंच असं नाही, पण खुणा सारख्याच असतात : खाली गेलेला आवाज, एकमेकांच्या अगदी जवळ आलेली डोकी, तसूभरही न हललेले पाय. दोघं अगदी समोरासमोर तोंड करून बोलत असतील तर तेही बहुधा बंद असतं. अशा वेळी "बोला तुम्ही, मी नंतर येते" एवढं म्हणून निघायचं, आणि दुसऱ्या वेळी त्याच माणसांकडे पुन्हा जायचं. त्यांनी तसं केलं, आणि कडं उघडलं.

तेच लोक, वेगवेगळे विषय, आणि तरीही दर वेळी पाठ वळत असेल तर दोष तुमच्या उभं राहण्यात नसावा. तिथे त्या गटातल्या एखाद्याशी सरळ बोलणं योग्य, किंवा दुसरी माणसं शोधणं. आणि घोळक्याच्या नुसत्या विचाराने छाती धडधडत असेल, महिनोन्‌महिने बैठका, समारंभ, सुट्टीची वेळ टाळली जात असेल, तर हे पत्र पुरणार नाही. सामाजिक भीतीवर बोधनिष्ठ वर्तनोपचार चांगले लागू पडतात, त्यासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा.

तुमच्या लिहिण्यावरून ती वेळ आलेली दिसत नाही. या आठवड्यात फक्त उभं राहण्याची जागा बदला : सैल बाजू शोधा, ऐकणाऱ्याच्या शेजारी उभे राहा, फोन खिशात ठेवा, आणि अर्धं पाऊल कोण सरकतं ते बघा. बोलायची घाई नको. तो पुढे नेणारा प्रश्न पुढच्या आठवड्यात.