लांब कुर्ते जीन्सवर घालण्यासाठी काय करावं?

प्रश्न : "माझ्याकडे लेगिंग्जवर घालायचे बरेच सुती कुर्ते आहेत, सगळे ४४ उंचीचे. आता ऑफिसात शुक्रवारी जीन्स चालते, पण हेच कुर्ते जीन्सवर घातले की काहीतरी बिनसल्यासारखं दिसतं. माझी उंची ५ फूट २. नवीन शॉर्ट कुर्ते घ्यावेत की यांचंच काही करता येईल?"

यांचंच करा. चांगला सुती कुर्ता कपाटात असताना नवा घ्यायची काहीच गरज नाही. मी बरीच वर्षं घरी शिवते आणि मैत्रिणींचे कुर्तेही अशा कामासाठी माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा अडचण दोनच ठिकाणी असते : बाजूचा कट कुठून सुरू होतो आणि उंची कुठे संपते. सगळे फक्त उंचीकडे बघतात, पण आधी कट बघायला हवा.

लेगिंग्ज अंगाला चिकटून असते. तिला खिसे नाहीत, जाड शिवण नाही, त्यामुळे कट कमरेजवळून सुरू झाला तरी आत सपाट कापडच दिसतं. जीन्सला मात्र जाड कमरपट्टी, पट्ट्याच्या लूप आणि खिशांची तोंडं असतात. कट खांद्यापासून १८ इंचांवर सुरू होत असेल तर हे सगळं त्यातून बाहेर डोकावतं आणि कुर्त्याची पुढची बाजू खिशाच्या फुगवट्यावर अडकून राहते. तुम्हाला बिनसल्यासारखं वाटतंय ते बहुधा हेच.

जी जीन्स घालणार ती घालून आरशासमोर उभ्या राहा. खांद्याच्या शिवणीपासून टेप खाली सोडा आणि खिशाचं तोंड जिथे संपतं तिथलं माप घ्या. तुमच्या उंचीला मध्यम कमरेच्या जीन्समध्ये ते साधारण २२ इंचांच्या आसपास येईल. कट तिथून किंवा अर्धा-पाऊण इंच खालून सुरू व्हायला हवा. म्हणजे १८ वर असलेला कट चार इंच बंद करायचा. कटाची दुमड उसवून, इस्त्री करून, वरच्या शिवणीच्या रेषेतच टीप पुढे न्यायची.

पण टीप मारायच्या आधी घेर तपासा. कुर्ता जमिनीवर सपाट पसरून २२ इंचांवर आडवं माप घ्या आणि दुप्पट करा. नितंबाचं माप, जीन्स घालूनच घेतलेलं, त्याहून हा आकडा तीन इंचांनी तरी जास्त हवा. माप ४० असेल तर कुर्ता सपाट साडेएकवीस भरला पाहिजे. कमी भरला तर कट बंद करू नका. केलात तर बसताना कापड ताणलं जाईल, मागून आडव्या सुरकुत्या पडतील आणि कटाच्या टोकाला शिवण उसवेल. असा कुर्ता उंच कमरेच्या, सपाट खिशांच्या ट्राउजरसाठी ठेवून द्या. तिथे कटातून फारसं काही दिसत नाही.

आता उंची. बरोबर गुडघ्यावर संपणारा कुर्ता जीन्सवर सगळ्यात वाईट दिसतो, कारण पाय तिथे तुटल्यासारखे वाटतात आणि चालताना घेर गुडघ्यावर आपटत राहतो. तुमच्यासाठी गुडघ्याच्या थोडं वर, म्हणजे ३२ ते ३४ इंच, चांगली उंची. कापायच्या आधी तेवढ्यावर टाचण्या लावून खुर्चीत बसून बघा. मागची कड अंगाखाली किती दबते आणि पुढची किती वर सरकते ते पाहूनच आकडा ठरवा. ऑफिसात दिवसाचा मोठा भाग बसण्यातच जातो.

काठ नसेल तर काम सरळ आहे : ३३ हवे असतील तर एक इंच दुमडीसाठी धरून ३४ वर कापायचं. खाली विणलेला काठ असेल, मंगलगिरी कापडाला असतो तसा, तर शिंपी खालून सरळ कापून टाकतात आणि कुर्त्याची शोभाच जाते. काठ वाचवता येतो. समजा काठ अडीच इंचांचा आहे आणि उंची ४४ ची ३३ करायची आहे. आधी काठाच्या वर शिवणीसाठी अर्धा इंच माया ठेवून, म्हणजे खांद्यापासून ४१ इंचांवर, काठ कापून वेगळा करा. मग अंगाचा भाग ३१ वर कापा. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया शिवणीत गेली की साडेतीस इंच अंग आणि अडीच इंच काठ, बरोबर ३३. जोड काठाच्या कडेलाच येतो, त्यामुळे मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. पुढचा आणि मागचा काठ वेगवेगळा जोडायचा, आणि कुर्ता खाली पसरट असेल तर काठ रुंदीला थोडा जास्त भरेल. ते जास्तीचं दोन्ही टोकांना सारखं कापा, एकाच बाजूला नको, नाहीतर बुट्टी किंवा रेघा सरकलेल्या दिसतील. शिंप्याला हे तोंडी सांगण्यापेक्षा खडूने दोन्ही रेषा आखून द्या.

कापून उरलेली दहा इंचांची पट्टी फेकू नका. ज्या कुर्त्याला काठ नाही आणि घेर कमी भरतोय, त्याच्या बाजूला त्याच्याच पट्टीतून अरुंद कळी घालता येते, आणि मग कट खाली आणता येतो.

सगळेच कुर्ते कापू नका, असंही सांगेन. डेनिम जाड असतं, त्यावर मऊ पडणारं सुती किंवा ब्लॉक प्रिंटचं कापड छान बसतं. जाड खादी किंवा खूप खळ असलेलं कापड डेनिमवर अंगापासून फुगून उभं राहतं. ते कुर्ते ४४ चेच ठेवा आणि घोट्यापर्यंतच्या सरळ, मऊ ट्राउजरवर घाला, फक्त कटाचं माप वरच्यासारखंच तपासून. खणाचा कुर्ता याला अपवाद : खण तसा ताठ असतो, पण २८-३० इंचांचा, सरळ कापाचा खणाचा कुर्ता गडद जीन्सवर फार देखणा दिसतो. आखूड असल्यामुळे ताठपणा खटकत नाही.

आणि हे जरूर करा. नवी गडद निळी जीन्स फिकट कुर्त्याच्या आतल्या बाजूला, विशेषतः मागे, निळा डाग सोडते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बऱ्यापैकी पृष्ठभागावरच राहते आणि घासली की निघते. घाम किंवा पावसाची ओल असेल तर आणखी. पांढरा रुमाल ओला करून जीन्सच्या मांडीवर बाहेरून दहा-बारा वेळा घासा. रुमाल निळा झाला तर ती जीन्स उलटी करून गार पाण्यात वेगळी धुवा, आणि रुमाल जवळपास स्वच्छ निघेपर्यंत तिच्यावर गडद कुर्तेच घाला. डाग पडलाच तर त्याच संध्याकाळी गार पाणी आणि साबणाने धुवा. डाग तसाच ठेवून इस्त्री फिरवली तर तो काढणं फार अवघड होतं.

सुरुवात सगळ्यात कमी आवडत्या, बिनकाठाच्या कुर्त्यापासून करा. कापण्याआधी तो एकदा धुवून वाळवा, कारण हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात इंचभर सहज आटतं आणि ३३ चा ३२ होऊन बसतो.