कॉलमध्ये आवाज दबका येतोय? रीसेटच्या आधी रेकॉर्डर उघडा

प्रश्न: आठवडाभर समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातोय. मला त्यांचं नीट ऐकू येतं. कस्टमर केअरवाले म्हणतात, नेटवर्क सेटिंग रीसेट करा. केलं तर फोटो, नंबर जातील का? फोन अँड्रॉइड आहे.

फोटो, नंबर, मेसेज, व्हॉट्सॲप यातलं काहीच जाणार नाही. पण तुम्हाला नीट ऐकू येतंय आणि फक्त तुमचा आवाज दबका जातोय, म्हणजे मला आधी माइकवर संशय आहे. माइकचा दोष असेल तर रीसेट करून फक्त वायफायचे पासवर्ड घालवाल.

हे मी स्वतः केलंय. आईच्या फोनचं अगदी हेच दुखणं होतं. मी पुण्यातून फोनवर सांगत सांगत तिच्याकडून रीसेट करून घेतला. आवाज होता तसाच राहिला, वर घरचं वायफाय तुटलं. पासवर्ड भावाने कधीतरी टाकलेला, आता त्यालाही आठवेना. भजनं ऐकायचा ब्लूटूथ स्पीकरही पुन्हा जोडावा लागला, आणि ते फोनवरून समजावणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

दिवाळीत घरी गेल्यावर फोन हातात घेतला. ब्लूटूथ बंद केलं, व्हॉइस रेकॉर्डर उघडला, कॉलवर धरतात तसा फोन कानाला लावून दहा सेकंद बोललो. रेकॉर्डिंग तितकंच दबकं. रेकॉर्डरचा नेटवर्कशी काही संबंध नसतो, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. मग व्हिडिओ घेतला, तर त्यात आवाज स्वच्छ. व्हिडिओ घेताना बरेच फोन वरचा किंवा मागचा माइकही वापरतात. म्हणजे बिघाड खालच्या माइकचा. टॉर्च मारून पाहिलं तर चार्जिंगच्या खाचेशेजारच्या बारीक छिद्रात ज्वारीचं पीठ! भाकरी थापताना फोन परातीशेजारी आणि स्पीकरवर लेकीशी गप्पा. फोनचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडलं, आवाज मोकळा झाला. टाचणी मात्र घालू नका, आतला पडदा फाटला तर माइकच बदलावा लागतो.

तुमचं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं, तर कव्हर काढून एक कॉल करून बघा. बऱ्याच फोनना वरच्या बाजूला आणखी एक माइक असतो. कॉलमध्ये तो आजूबाजूचा गोंगाट टिपतो आणि फोन तेवढा वजा करतो. कव्हरने ते छिद्र झाकलं की हिशेब चुकून तुमचाच आवाज कापला जातो. साध्या रेकॉर्डिंगमध्ये हे कळेलच असं नाही.

तरीही फरक नसेल तर नेटवर्ककडे वळा. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, फोन रीस्टार्ट करा; यात काहीही पुसलं जात नाही. वायफाय बंद करून कॉल लावा, कारण वायफाय कॉलिंग चालू असेल तर कॉल घरच्या राउटरवरून जातो आणि तो कमकुवत असला की शब्द तुटतात. शेवटी सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथेही आवाज खराब असेल तर दोष सिमचा किंवा कंपनीच्या नेटवर्कचा, तुमचा फोन कितीही रीसेट केला तरी उपयोग नाही.

सिम दुसरीकडे छान चालतं, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, व्हॉट्सॲप कॉलही नीट जातो आणि फक्त साधा कॉल सगळीकडे खराब, असं निघालं तर रीसेट करायला हरकत नाही. बऱ्याच फोनमध्ये तो Settings मध्ये System, त्यात Reset options इथे सापडतो. नव्या अँड्रॉइडमध्ये मोबाइल नेटवर्कचा रीसेट आणि वायफाय-ब्लूटूथचा रीसेट हे वेगळे असतात. तसं असेल तर फक्त मोबाइलवाला निवडा, पासवर्ड वाचतील. एकत्रच असेल तर सेव्ह केलेले सगळे वायफाय आणि जोडलेली सगळी ब्लूटूथ यंत्रं जातात, अगदी गाडीचंही. काही स्मार्टवॉच तर आधी घड्याळ रीसेट केल्याशिवाय परत जोडूनच घेत नाहीत. म्हणून आधी वायफायचं Share बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये क्यूआर कोडखाली पासवर्ड दिसतो, तो कागदावर उतरवा. ई-सिम पुसण्याचा पर्याय तिथेच जवळपास असतो, त्याला हात लावू नका. मोबाइल इंटरनेटसाठी एपीएन हे सेटिंग हाताने भरलेलं असेल तर तेही लिहून ठेवा.

रीसेटनंतर व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, चालू आहे ना, ते बघा. बंद असेल तर काही सिमवर कॉल टूजीवर उतरतो आणि आवाज आणखी चपटा होतो. जिओला तर टूजी नाहीच, त्यामुळे तिथे उतरायलाही जागा नाही.

फॅक्टरी रीसेट सुचवला तर मात्र नाही म्हणा. त्यात फोनमधलं सगळं जातं, आणि पीठ जिथल्या तिथेच राहतं.