ऑनलाइन कुर्ते विकायचेत? आधी माप कसं मागायचं ते ठरवा

ताई, फोटो, पेज हे सगळं जमेल. ऑनलाइन शिवणकाम अडतं ते मापावर, कारण गिऱ्हाईक समोर उभं नसतं.

माझ्याकडे शिकलेली गावातली एक शिवणकाम करणारी बाई. हात सफाईदार, पण मेसेजला उत्तर द्यायचं म्हटलं की घाबरायची. तिला ऑर्डर आली, ‘छाती ३६’. तिने ते अंगाचं माप धरलं, सैलपणासाठी ४ इंच वाढवून ४० चा कुर्ता शिवला. तो ढगळ झाला म्हणून परत आला. गिऱ्हाइकाने स्वतःचा जुना कुर्ता मोजून ३६ लिहिलं होतं! शिलाईत काहीच चूक नव्हती, तरी ती खचली.

मग आम्ही पद्धत बदलली. गिऱ्हाइकाला सांगायचं, नीट बसणारा कुर्ता सपाट अंथरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि टेप दिसेल असा फोटो पाठवा. १९ इंच आले तर त्याची दुप्पट, म्हणजे कुर्त्याची छाती ३८. त्यात पुन्हा सैलपणा मिळवायचा नाही. ताणणारं कापड असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही, म्हणून कापड ताणणारं आहे का हे आधीच विचारून घ्या. सुती कापड कापण्याआधी धुऊन वाळवा आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत इंचभर माया ठेवा, म्हणजे थोडं घट्ट झालं तर उसवून वाढवता येतं.

आता फोटोशिवाय कोणी घाई केली, तर ती स्वतःच लिहिते, “फोटो आल्यावरच कापड कापेन.”