लग्नपत्रिकेच्या टेम्पलेटच्या वर्णनात नेमकं काय लिहावं?

प्रश्न: मी सोलापुरातून लग्नपत्रिकेची टेम्पलेट ऑनलाइन विकते. वर्णनात 'पूर्ण एडिटेबल, सर्व भाषा, कोणतीही साइज' असं लिहिलंय. तरी गिऱ्हाईकं घेतल्यावर भांडतात, पैसे परत मागतात. काय चुकतंय?

उत्तर: ताई, भांडण त्या तीन शब्दांमुळेच होतंय. त्यातला एकही शब्द गिऱ्हाईक तुमच्या अर्थाने वाचत नाही.

भाषेपासून सुरू करतो, कारण आपल्या गावात खरी अडचण तिथेच येते. माझं पहिलं टेम्पलेट फोटोशॉपमध्ये होतं आणि मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. अक्कलकोटच्या एका काकांनी ते घेतलं. त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे '॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांचं रूप मराठी दिसतं. मी पैसे परत केले आणि तेव्हापासून फक्त युनिकोड फॉन्ट वापरतो: मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी. हे मोफत मिळतात. वर्णनात फॉन्टचं नाव लिहाच.

'सर्व भाषा' मात्र काढून टाका. देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड किंवा तेलुगू अक्षरं नसतात, त्यामुळे गिऱ्हाईकाने ती टाइप केली की एकतर चौकोन दिसतात, नाहीतर भलताच फॉन्ट येऊन बसतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांना आणि इथल्या कन्नड कुटुंबांना दोन भाषांची पत्रिका लागते, म्हणून त्यासाठी वेगळी पानं करा. शिवाय या दोन्ही लिप्यांत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बऱ्याचदा खाली लटकतं. मराठीच्या ओळींचं अंतर तसंच ठेवलं तर ते खालच्या ओळीला टेकतं. मराठीला १.२ ठेवत असाल, तर तिथे १.५ पासून सुरुवात करून डोळ्यांनी बघा. आणि ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय भाषेचं नाव वर्णनात टाकू नका.

आता साधन. 'एडिटेबल' म्हणजे कशात? बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवर कॅनव्हा उघडतं, तेही मोफत खात्याने. टेम्पलेटमध्ये एखादा मुकुटाची खूण असलेला प्रो गणपती किंवा तोरण असेल, तर मोफत खात्यात त्यावर वॉटरमार्क येतो आणि दोष तुमच्यावर येतो. म्हणून एक तर सगळे मोफत घटक वापरा, नाहीतर 'कॅनव्हा प्रो लागेल' असं पहिल्याच ओळीत लिहा. लिंक देताना टेम्पलेटची लिंक द्या, एडिटची नाही. एडिटची दिली तर पहिलं गिऱ्हाईक वधूवरांची नावं तुमच्या मूळ फाइलवरच टाकतं, आणि दुसऱ्याला तीच नावं दिसतात. पीएसडी विकत असाल तर फोटोशॉपचं नाव आणि तुम्ही वापरलेली आवृत्ती लिहा. जुन्या आवृत्तीत World-Ready Layout निवडलेलं नसेल तर 'चि.'मधली वेलांटी 'च'च्या पुढे जाऊन बसते.

साइजचं गणित स्वतः करून बघा. छापील पत्रिका ५ × ७ इंच, ३०० डीपीआयला १५०० × २१०० पिक्सेल. व्हॉट्सॲप स्टेटससाठी लागतं १०८० × १९२०. पहिली १०८० रुंदीला आणली तर उंची १५१२ होते, म्हणजे वरखाली मिळून ४०८ पिक्सेल मोकळे राहतात. उलट स्टेटसचं चित्र ५ इंच रुंदीला छापलं तर जेमतेम २१६ डीपीआय मिळतात, आणि 'आपले नम्र'खालची बारीक नावं पसरट होतात. तेव्हा दोन वेगळ्या फाइली द्या. छपाईच्या फाइलला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड ठेवा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते.

माझं सध्याचं वर्णन असं आहे, हवं तर उचला:

'कॅनव्हा टेम्पलेट, मोफत खात्यात चालते. दोन फाइली: छपाईसाठी ५ × ७ इंच (अधिक ३ मिमी ब्लीड) आणि स्टेटससाठी १०८० × १९२० पिक्सेल. भाषा: मराठी, मराठी-कन्नड वेगळ्या पानावर. मराठीचा फॉन्ट: मुक्ता. नावं, तारीख, मुहूर्त, स्थळ बदलता येईल. गणपती आणि किनारीचा रंग बदलत नाही. छापील पत्रिका पाठवली जात नाही.'

शेवटच्या दोन ओळी टाकल्यापासून मला सर्वात कमी फोन येतात. 'पत्रिका कधी पोचेल?' असं विचारणारे तर दर आठवड्याला असायचे.

टाकण्याआधी घरातल्या कुणालातरी मोफत खात्यावरून, मोबाईलवर, 'चि. सौ. कां.' आणि 'कार्यस्थळ' टाइप करून पीडीएफ काढायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण काही सांगू नका. ती व्यक्ती जिथे अडेल, ती गोष्ट वर्णनात लिहा.