बिल आहे, पैसे चुकते केलेत, तरी सप्लायरचं बिल टू-बीत, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या आपल्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, येत नाही. आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट, घेता येईल का?

नाही. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. त्याआधी ५ टक्के तरी जास्तीचं घेता यायचं, तेही बंद झालं.

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन लाखांचे अँगल-चॅनेल घेतले, वर १८ टक्क्यांनी ३६,००० जीएसटी. दादाने माल उतरताच पूर्ण रक्कम दिली. १४ मार्चला टू-बी आली, त्यात बिल नाही. विक्रीवरचा टॅक्स ८१,००० आणि बाकीचं क्रेडिट २०,०००. म्हणजे २५,००० भरायचे होते, तिथे ६१,००० रोख गेले.

सप्लायर म्हणाला, "टॅक्स भरलाय आम्ही, चलन पाठवतो." भरलाही होता. पण त्याच्या अकाउंटंटने आमचा जीएसटी नंबर न टाकता बिल बी-टू-सीत, म्हणजे साध्या ग्राहकांच्या विक्रीत, टाकलं होतं. तिथे फक्त एकूण आकडा जातो, बिलागणिक नोंद नसते. सरकारला पैसे पोचले, आमच्या खात्यावर काहीच नाही. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, बी-टू-सीचा आकडा कमी करून तेच बिल आमच्या नंबरवर बी-टू-बीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या विक्रीत, दाखवायचं, एवढंच काम होतं. त्याला जादा टॅक्सही लागणार नव्हता.

दर महिन्याला फोन केला. नोव्हेंबरात म्हणाला, दिवाळी होऊ दे. त्या वर्षाच्या क्रेडिटची मुदत ३० नोव्हेंबर २०२३, त्यामुळे त्याला वेळ आहे असं वाटलं. पण ऑक्टोबरचा जीएसटीआर-१ भरायची तारीख ११ नोव्हेंबर. त्यानंतर टाकलेलं बिल पुढच्या टू-बीत येतं, आणि ते क्रेडिट घ्यायचा थ्री-बी रिटर्न आपण भरेपर्यंत डिसेंबर उजाडतो. लक्षात ठेवा, खरी मुदत ११ नोव्हेंबरच. आमचे ३६,००० बुडाले.

म्हणून माझं स्पष्ट मत: मालाचे पैसे द्या, जीएसटीची रक्कम बिल टू-बीत दिसल्यावर द्या. दादा आजही म्हणतो, अशाने बाजारातले संबंध बिघडतात. ज्या संबंधासाठी त्याने पूर्ण पैसे दिले, त्या माणसाने आमच्यासाठी एक नोंद दुरुस्त केली नाही. संबंध दोन्ही बाजूंनी असतात.

तुमचा सप्लायर तिमाही रिटर्न भरतो का, ते आधी विचारा. तसं असेल आणि त्याने आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीच्या मधल्या महिन्यांत बिलं टाकायच्या सोयीत, बिल टाकलं नसेल, तर तिमाही संपल्यावर ते आपोआप येईल, भांडू नका. रक्कम रोखायची अट ऑर्डर देतानाच लिहून घ्या. आणि क्रेडिट घेतल्यावरही पैसे अडवून ठेवू नका. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण रक्कम दिली नाही, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.