काळ्या मातीत डबल रिंगची रीडिंग आणि हॉर्टनचं समीकरण

प्रश्न: नागपूरजवळच्या काळ्या जमिनीत डबल रिंग इन्फिल्ट्रोमीटरने तीन तास रीडिंग घेतली. हॉर्टनचं समीकरण बसवायला ln(f − fc) काढतो, तर शेवटी शून्याचा लॉग येतो आणि आधीचे बिंदूही रेषेत बसत नाहीत. काय करू?

fc म्हणून तुम्ही शेवटचाच दर धरला असणार. मग शेवटच्या रीडिंगला f − fc शून्य होणारच. पण खरी अडचण त्याच्याही आधी सुरू होते, दर काढताना. पट्टीवर आपण फार तर एक मिलिमीटरपर्यंत वाचतो. पाच मिनिटांच्या अंतरात ही एक मिलिमीटरची चूक दरात ताशी 12 मिमी होऊन उतरते आणि अर्ध्या तासाच्या अंतरात ताशी 2 मिमी. काळ्या मातीचा स्थिर दरच इतका कमी असतो की f − fc मध्ये उरते ती बहुतेक पट्टीची चूक.

म्हणून दर सोडा आणि मुरलेलं एकूण पाणी घ्या. हॉर्टनचं तेच समीकरण एकूण खोलीसाठी असं होतं:

```
F = fc·t + ((f0 − fc)/k)·(1 − e^(−kt))
```

वेळ बरीच गेली की e^(−kt) जवळजवळ शून्य होतं आणि F चा आलेख सरळ रेषा होतो. त्या रेषेचा उतार म्हणजे fc. ती मागे वाढवली की उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो आकडा म्हणजे (f0 − fc)/k. त्याला A म्हणू.

समजा 10, 20, 30, 60, 90, 120, 150 आणि 180 मिनिटांना एकूण मुरलेलं पाणी 8, 13, 17, 23, 27, 30, 33 आणि 36 मिमी आहे. शेवटच्या तासात 6 मिमी मुरलं, म्हणून fc = 6 मिमी/तास. तीन तासांच्या 36 मधून 6 × 3 वजा केले की A = 18 मिमी. दोन तासांच्या रीडिंगवरूनही 30 − 12 = 18 येतात, म्हणजे तिथपर्यंत रेषा खरंच सरळ झाली आहे. आता सुरुवातीच्या प्रत्येक रीडिंगला A − (F − fc·t) काढा. दहा मिनिटांना 11 येतात, वीसला 7, तीसला 4 आणि साठला 1. आता k = −ln(उरलेले/18)/t, t तासांत. त्यावरून k अनुक्रमे 2.95, 2.83, 3.01 आणि 2.89 येतो. सरासरी 2.9 धरली तर f0 = 6 + 18 × 2.9, म्हणजे सुमारे 58 मिमी/तास. साठ मिनिटांच्या k वर फार भरवसा ठेवू नका. तिथे उरलेला आकडाच एक मिलिमीटर आहे.

चारही k जवळपास सारखे आले, ही समीकरण बसल्याची खूण. k सुरुवातीला मोठा आणि मग उतरतच गेला, तर हॉर्टन तिथे लागू होत नाही, आणि आपल्याकडे याचं कारण बहुधा भेगा असतात. उन्हाळ्यात काळी जमीन खोलवर तडकते. पहिल्या काही मिनिटांत पाणी त्या भेगा भरायला जातं, ते मातीत मुरणं नव्हे. मग माती फुगते, भेगा मिटत जातात आणि दर झपकन कोसळतो. अशा वेळी A मध्ये भेगांचं आकारमानही मिसळलेलं असतं. मे महिन्यात काढलेला A सप्टेंबरच्या ओल्या शेताला लावणं सरळ चूक आहे.

रिंगच्या भिंतीखालून भेग जात असेल तर ती जागाच सोडा. आतलं पाणी एकदम उतरून बाहेरच्या रिंगची पातळी चढली, किंवा रिंगबाहेर जमीन ओली दिसली, की समजायचं. भेगेत माती कोंबून चाचणी पुढे रेटू नका. तसंच दोन्ही रिंगांत पाणी सारख्या उंचीवर हवं. बाहेरची पातळी खाली राहिली तर आतलं पाणी आडवं सरकतं आणि fc फुगून येतो. पट्टी रिंगला बांधा, मातीवर टेकवू नका. माती फुगून वर येते आणि पट्टीला उचलते.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी उघड्या पाण्याचं बाष्पीभवन तासाला एक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतं. fc सहा असताना हा सहावा हिस्सा झाला. शेजारी पाण्याने भरलेलं पसरट भांडं ठेवा, त्यातली घट मोजा आणि प्रत्येक अंतरातून ती वजा करूनच F जोडा. मुरमाड बरड जमिनीवर दर मोठा असल्याने ही घट फारशी जाणवत नाही. काळ्या मातीत मात्र ती वजा केल्याशिवाय fc कुठे लिहू नका.