स्वभाव सांगता येणार नाही, मजकूर मात्र वाचून देईन

प्रश्न : सोबत माझ्या हस्ताक्षराचा फोटो जोडला आहे. यावरून माझ्याविषयी काय सांगता येईल?

अक्षराच्या वळणावरून तुमच्या स्वभावाविषयी काहीही सांगता येणार नाही, आणि जे सांगतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. मी पुण्यात २७ वर्षे संगणकावर अक्षरजुळणीचे काम करीत आहे. लेखकांची, वकिलांची, निवृत्त शिक्षकांची हस्तलिखिते वाचून ती टंकलिखित करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे दुसऱ्याचे अक्षर हे माझ्या रोजच्या भाकरीचे साधन आहे. अतिशय गिचमिड लिहिणारी शांत, टापटिपीची माणसे मी पाहिली आहेत आणि मोत्यांसारखे अक्षर असलेल्या माणसांकडून माझी देयके वर्ष वर्ष थकलेली आहेत.

तरीही हे उत्तर मी केवळ व्यवसायामुळे लिहीत नाही. माझी मुलगी नववीत असताना माझे मेहुणे, म्हणजे तिचे मामा, हस्ताक्षरविश्लेषणाचा वर्ग करून आले होते. दिवाळीत घरी आले असताना त्यांनी तिची इतिहासाची वही उघडली आणि सर्वांच्या देखत मला म्हणाले, "दाजी, ही मुलगी कुठल्याच कामाचा शेवट करणार नाही. शब्दांवर रेघच देत नाही." त्यांच्या वर्गात शिरोरेषेला इच्छाशक्तीची खूण मानत असत, रेघ चढती असेल तर माणूस आशावादी, उतरती असेल तर खचलेला आणि रेघच नसेल तर निर्धार नाही, असा तो हिशेब होता. तिने २१ दिवस कोऱ्या कागदावर रोज एक पान, प्रत्येक शब्दावर किंचित चढती रेघ देऊन लिहावे, असा उपाय त्यांनी सांगितला आणि माझ्या पत्नीने तो मनावर घेतला.

मुलगी रेघ का देत नव्हती, याचे कारण कोणत्याही जुळणी करणाऱ्याने सांगितले असते. शिरोरेषेसाठी शब्द पूर्ण झाल्यावर हात पुन्हा मागे न्यावा लागतो, पेन उचलावे लागते, आणि वर्गात बाई सांगत असलेले भराभर उतरवून घेणारे मूल पहिल्यांदा हीच हालचाल गाळते. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांपैकी निम्म्याअधिक हस्तलिखितांत रेघ नसते आणि त्यांतल्या कित्येकांनी पाचशे पानांची पुस्तके पूर्ण केलेली आहेत. उपायाचा परिणाम इतकाच झाला की तिचा लिहिण्याचा वेग मंदावला आणि पुढच्या परीक्षेत इतिहासाचे दोन मोठे प्रश्न वेळेअभावी लिहायचे राहून गेले. निकालाच्या दिवशी ती वही मिटून बसली आणि "मामा म्हणाले तेच खरं," असे म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडचे ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर मी मेहुण्यांची परीक्षा घेतली. एका माहितीपत्रकातला पाण्याचा पंप कसा जोडावा हा परिच्छेद घेऊन तो छापखान्यातल्या चार सहकाऱ्यांकडून लिहून घेतला, म्हणजे मजकुरातून कोणाचे काहीही कळू नये. त्यांपैकी एकाकडून मी दोन पाने लिहून घेतली होती : एक सकाळी टेबलावर बॉलपेनने आणि दुसरे संध्याकाळी मांडीवर पुठ्ठा ठेवून शाईच्या पेनाने. मेहुण्यांनी पाच पानांवरून पाच स्वतंत्र माणसे वर्णन केली. एकाच माणसाच्या दोन पानांपैकी पहिल्याचा लेखक त्यांच्या मते मितभाषी आणि हिशेबी होता, तर दुसऱ्याचा मोकळा आणि खर्चिक. त्यांना जो फरक दिसला तो पेनाच्या टोकाचा, शाईच्या ओघाचा आणि पुठ्ठ्याच्या उताराचा होता.

पुढच्या भेटीत मी त्याच चौघांकडून "गेली दिवाळी कशी गेली" यावर एक एक पान लिहून आणले. या वेळी मेहुण्यांचे निदान चांगलेच जुळले. एकाला त्यांनी घरातल्या दुःखाने मिटलेला म्हटले, आणि ते खरे होते. परंतु त्या पानाच्या तिसऱ्याच ओळीत त्याने आईच्या जाण्यानंतरची पहिली दिवाळी असा उल्लेख केला होता. मेहुणे अक्षर पाहत आहेत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, प्रत्यक्षात ते मजकूर वाचत होते. त्यांनी हे कधी मान्य केले नाही आणि आमचे त्यावरून आजही पटत नाही.

माझ्या पाच पानांनी शास्त्रीय असे काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु याच गोष्टीचा पद्धतशीर शोध एफ्रात नेटर आणि गर्शोन बेन-शाखार या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी घेतला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हस्ताक्षरावरून नोकरीतली कामगिरी ओळखण्याविषयीचे १७ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. त्यात हस्ताक्षरतज्ज्ञांचे अंदाज ही विद्या न शिकलेल्या लोकांपेक्षा सरस ठरले नाहीत, आणि मजकूर तटस्थ असला की जी थोडीफार अचूकता दिसत होती तीही जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे लोक जिला अक्षराची भाषा म्हणतात ती बहुतांशी मजकुराचीच भाषा असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विद्येला 'ग्राफॉलॉजी' हे नाव एकोणिसाव्या शतकात मिशों या फ्रेंच धर्मगुरूने दिले आणि त्याचे नियम रोमन लिपीच्या अक्षरांवर बेतलेले होते : 't'ची आडवी रेघ, 'i'वरचा टिंब, ओळीवर बसणारी आणि तिच्या वर-खाली जाणारी अक्षरे. देवनागरी ओळीवर बसत नाही, ती रेघेला लोंबते. रोमन लिपीत 't'ची रेघ लेखकाने स्वतः कुठे द्यायची ते ठरवण्याइतकी मोकळी असते. आपली शिरोरेषा शाळेत सर्वांना एकाच जागी द्यायला शिकवतात. त्या नियमांची सरळ उचल करून ते मराठी वहीला लावणे मला अजिबात पटत नाही.

मेहुण्यांचा शेवटचा मुद्दा न्यायालयाचा असे. न्यायालय हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत विचारात घेते, पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाखाली घेत असे आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमाखाली घेते, हे खरे आहे. पण तो तज्ज्ञ फक्त एवढेच सांगतो की वादातली सही आणि निर्विवाद सही एकाच हाताची आहे की नाही. त्या हाताचा माणूस उदार आहे की कंजूष, हे त्याला कोणी विचारत नाही आणि त्याने सांगायचेही नसते.

आता तुमच्या पानाकडे येतो, कारण त्याच्याबाबतीत मला खरोखर काही करता येईल. तुम्ही आजीविषयी लिहिले आहे आणि बहुतेक ओळी मी वाचल्या आहेत. तुम्हीही रेघ देत नाही, त्यामुळे घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्या एकमेकींत मिसळतात. घला वर सबंध रेघ असते आणि धच्या डोक्यावर ती तुटलेली असून तिथे एक लहानसे वळण असते. रेघच नसली की ओळखीसाठी केवळ ते वळण उरते. सहाव्या ओळीत "आजीने दिलेला तो ..डा मी अजून जपून ठेवला आहे" असे वाक्य आहे. तो शब्द 'घडा' असेल तर आजीने भांडे दिले, 'धडा' असेल तर शिकवण दिली, आणि दोन्ही अर्थ वाक्यात सारखेच बसतात.

अशा वेळी संदर्भाने अंदाज करणे धोक्याचे असते. मुद्रितात बहुतेक चुका अशाच शिरतात. मी त्याच लेखकाची खात्रीची अक्षरे गोळा करतो. तुमच्या पहिल्या ओळीत 'घर' आहे आणि दुसऱ्या ओळीत 'धुणे' आहे, या दोन्ही शब्दांविषयी शंका नाही. तुमचा घ डावीकडून सरळ खाली उतरतो, तर ध आधी वर एक छोटी गाठ घेतो आणि मग उतरतो. सहाव्या ओळीतले अक्षर या दोन्हींशी ताडून पाहिले, पण नेमका त्याचाच वरचा भाग कागदाच्या घडीच्या सावलीत गेला आहे. पुढच्या ओळीत 'माळ्यावर' असा शब्द दिसतो, त्यामुळे माझा कल 'घडा'कडे आहे. तरी कल म्हणजे वाचन नव्हे. अकराव्या ओळीच्या शेवटचे दोन शब्द आणि त्याखालची खाडाखोडही मला लागलेली नाही.

एक अपवाद इथेच सांगतो. तुमचे अक्षर अलीकडे आपोआप बारीक होत गेले असेल, ओळीच्या शेवटाकडे आक्रसत असेल किंवा कापरे येत असेल, तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण कंपवातात असे होते. तुमच्या पानावर मला तसे काही दिसत नाही. पण मी वैद्य नाही आणि एका पानावरून बदल कळत नसतो.

कागद टेबलावर सपाट पसरून, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो काढावा आणि चारही कडा त्यात येऊ द्याव्यात. सहाव्या आणि अकराव्या ओळीचा जवळून आणखी एक फोटो काढावा. संदेशातून पाठवताना चित्र दाबले जाते, म्हणून मूळ फाइल पाठवावी. त्या मिळाल्या की सबंध पान टंकलिखित करून देईन, आणि जो शब्द तरीही लागणार नाही तिथे अंदाज न घालता जागा कोरी सोडीन.